ताकाला जाऊन भांडं का लपवायचं?

*“मी बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत काम करते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची जी मुलं आजी-आजोबांकडे मागे राहतात, त्यांच्यासाठी आम्ही तीन गावांत संध्याकाळची अभ्यासिका आणि रात्रीचं जेवण चालवतो. एका कंपनीच्या सीएसआर निधीतून ९ लाख मंजूर झाले. ६ लाखांचा पहिला हप्ता ऑक्टोबरच्या सुरुवातीला आला, तो फेब्रुवारीअखेरपर्यंत पुरवायचा आहे. ७५ टक्के खर्च झाला की दुसरा हप्ता मागता येतो. ३१ जानेवारीपर्यंत ४ लाख ८८ हजार खर्च झालेत, १ लाख १२ हजार शिल्लक आहेत. आमचे खजिनदारकाका म्हणतात, शिल्लक दिसली तर कंपनीला वाटेल यांना गरजच नाही. किराणावाल्याकडून पुढची बिलं आत्ताच घे आणि सहाच्या सहा लाख खर्ची दाखव. प्रवासाला ४० हजार मंजूर होते, ५२ हजार लागले. जास्तीचे साहित्यात टाक, असंही ते सांगतात. शिवाय ४५ हजार आम्ही दुसऱ्या प्रकल्पाच्या पगाराला तात्पुरते वापरलेत, ते अजून परत आले नाहीत. मी मुलांच्या परिस्थितीवर चार पानी पत्र लिहिलंय, ते आणि खर्चाचा तक्ता सोबत पाठवतेय. पत्रात काय बदलू, म्हणजे पैसे नक्की मिळतील?”*

— एक कार्यकर्ती

ताई,

तुमचं पत्र एकदा वाचलं आणि तक्ता चारदा. पत्रात तुम्हाला पैसे उरल्याची चिंता लागलीय. तक्ता मात्र सांगतोय की फेब्रुवारी संपायच्या आतच तुमचे पैसे संपतील. त्यामुळे शिल्लक दाखवायची की लपवायची, या प्रश्नाकडे मी थोड्या वेळाने येते. आधी तक्त्यातली एक ओळ नीट बघू या, कारण तुमचं खरं पत्र तिथूनच निघणार आहे.

जेवणासाठी २ लाख ७० हजार मंजूर आहेत आणि खर्च २ लाख १७ हजार ६०० दिसतो. वरवर पाहता बावन्न हजार हातात आहेत. पण त्याच तक्त्याच्या तळाशी तुम्ही बारीक अक्षरात लिहिलंय, ‘जानेवारीचं किराणा बिल २७,२०० बाकी’. म्हणजे मुलं जेवली, पैसे द्यायचे राहिले. ते धरले तर चार महिन्यांच्या जेवणाचा खर्च २ लाख ४४ हजार ८०० होतो. हजेरीपटावरून तुम्ही ताटं मोजलीत ७,२००. भागाकार केला की एक ताट ३४ रुपयांना पडतं. अंदाजपत्रकात ते ३० रुपयांना धरलं होतं.

चार रुपये कुणाच्या नजरेत भरत नाहीत. पण पाच महिन्यांची ताटं ९,००० धरलीत, तेव्हा चार रुपयांचे ३६ हजार होतात. तिसऱ्या गावचं केंद्र दोन महिने उशिरा सुरू होऊनही ताटं ठरल्याइतकीच भरताहेत, कारण पहिल्या दोन गावांत अंदाजापेक्षा जास्त मुलं आली. कामाच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट आहे. हिशेबाच्या दृष्टीने मात्र तिने तुमची बचत खाऊन टाकलीय.

आता फेब्रुवारीचा खर्च मांडा. सहा कार्यकर्त्यांचं मानधन ३६ हजार, १,८०० ताटांचे ६१ हजार २००, मुलांना वस्तीवर सोडणाऱ्या टमटमचे साडेअकरा हजार, कार्यालयाचे १० हजार आणि किराण्याची जुनी बाकी २७ हजार २००. बेरीज १ लाख ४५ हजार ९०० येते. बँकेने दिलेलं २,३५० रुपये व्याज धरून तुमची शिल्लक १ लाख १४ हजार ३५० आहे. म्हणजे महिनाअखेरीस ३१ हजार ५५० कमी पडणार. तेही उसने दिलेले ४५ हजार परत आले तर. ते न आल्यास आज खात्यात ६९ हजार ३५० आहेत. किराणावाल्याचे दिले की ४२ हजारांच्या आसपास उरतात, आणि महिन्याचं नुसतं मानधनच ३६ हजार आहे.

खजिनदारकाकांचा सल्ला ज्या समजुतीवर उभा आहे, तीच इथे कोसळते. तुमची शिल्लक म्हणजे न वापरलेला पैसा नव्हे. ती येत्या चार आठवड्यांचं जेवण आहे, आणि तेही पुरतं नाही. शिल्लक लपवली तर पुढचा हप्ता लवकर का हवा, याचं सगळ्यात सबळ कारणच तुम्ही स्वतःच्या हाताने पुसून टाकाल.

आगाऊ बिलांबद्दल मी उपदेश करणार नाही, कारण तो उद्योग मीही करून बसलेय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका संस्थेचे हिशेब सांभाळत होते. मार्च जवळ आला, पैसे उरले होते, म्हणून छापखान्याकडून पुस्तिकांचं बिल घेतलं. पुस्तिका पुढच्या महिन्यात छापायच्या होत्या. तपासणीला आलेल्या बाईंनी बिलाला हातही लावला नाही. म्हणाल्या, “एक प्रत दाखवता का?” पुढचा हप्ता यायला आठ महिने लागले आणि त्याआधी तीन वर्षांची व्हाउचरं पुन्हा तपासून झाली.

तुमच्या बाबतीत तर कुणी गावात यायचीही गरज नाही. ३१ जानेवारीच्या तारखेच्या बिलाचा क्रमांक त्या दुकानाच्या फेब्रुवारीतल्या बिलांनंतरचा निघतो, आणि तो कुणाच्याही लक्षात येतो. त्याहून सोपा पुरावा तुमच्याच आकड्यांत आहे. एक लाख बारा हजार जेवणात घातले तर खर्च ३ लाख २९ हजार ६०० होतो आणि ताटं तीच ७,२०० राहतात. ताट ४६ रुपयांना! कंपनीतला माणूस हा भागाकार करतोच. आकडा मोठा दिसला की त्याला मुलांच्या संख्येने भागायचं, ही त्या खुर्चीची सवय असते. मीही काही वर्षं त्या बाजूला बसून हेच केलंय.

आता तुमच्या चार पानांकडे येऊ. पहिली तीन पानं मुलांच्या हालअपेष्टांवर आहेत, आकडे चौथ्या पानावर. लेखन मनापासून केलंय यात शंका नाही. पण हे पत्र कोण वाचणार आहे, याचा विचार करू या. पहिली वाचक कंपनीची सीएसआर अधिकारी. ती तुमच्या गावात येऊन गेलीय, तिला मुलं माहीत आहेत आणि प्रकल्प मंजूर करायचं काम तिने आधीच केलंय. तिला आता दुसऱ्यांदा पटवायचं नाही. तिला तुमचं पत्र पुढे करून वित्त विभागाकडून पैसे सोडवून घ्यायचेत. दुसरा वाचक त्या वित्त विभागातला. त्याने तुमचं गाव पाहिलेलं नाही, पाहणारही नाही, आणि सही त्याची लागते. करारातली अट पूर्ण झाली का, किती खर्च झाला, किती उरला, ठरल्यापेक्षा वेगळं काय झालं आणि आता किती हवेत, एवढंच तो शोधतो. ही उत्तरं पहिल्या पानावर सापडली नाहीत, तर तो तुमच्या अधिकारी बाईंना फोन करतो, त्या तुम्हाला करतात, आणि यात आठवडा सहज जातो.

शिवाय त्या माणसाच्या गळ्यात कायद्याचं लोढणं आहे. सीएसआरचा खर्च कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येतो. त्याचे नियम जानेवारी २०२१ मध्ये बदलले. तेव्हापासून, दिलेला पैसा मंजूर कामासाठी आणि मंजूर पद्धतीनेच वापरला गेला, असं कंपनीच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याला प्रमाणित करावं लागतं. संस्थेच्या खात्यात पैसे टाकले म्हणजे ते खर्च झाले असं धरता येत नाही, संस्थेने ते वापरले तरच तो खर्च, हे कंपनी व्यवहार मंत्रालयाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पष्ट केलं. थोडक्यात, तुमच्या आकड्यावर दुसरा कुणीतरी आपली सही करतो. तुम्ही सहा लाख खर्च झाले असं लिहिलंत, तर ते खोटं त्याच्या नावावर चढतं.

इथे मला तुमच्या भाषेबद्दलही एक बोलायचंय. पत्रात ‘आपल्या कृपेने’, ‘पदरात घ्यावे’ असे शब्द ठिकठिकाणी आलेत. तुमच्या भागात मुकादमाकडून उचल घेतलेला माणूस वर मान करून बोलू शकत नाही, हे मी जाणते. पण दुसरा हप्ता ही उचल नाही. करारात त्याची अट लिहिलेली आहे, ७५ टक्के. तुमचा खर्च ८१.३ टक्के झालाय. अट पूर्ण झाली आहे असं सांगायचं आणि हप्ता मागायचा, त्यात मिंधेपणा कशाला?

प्रवासाच्या बारा हजारांचं काय करायचं, ते आता बघू. करारात लिहिलंय की एखाद्या शीर्षात १० टक्क्यांपर्यंत फरक चालेल, त्यापुढे लेखी परवानगी हवी. चाळीस हजारांवर चार हजार चालले असते. तुम्ही बारा हजारांनी पुढे गेलात आणि फेब्रुवारी धरला तर साडेतेवीस हजारांनी पुढे जाल. परवानगी आधी घ्यायला हवी होती, ती चूक झाली, आणि ती एका वाक्यात कबूल करता येते. साहित्यात टाकायचं म्हटलं तरी तिथे जागा कुठे आहे? ६० हजारांपैकी ५८ हजार ४०० संपलेत. आणि टमटमवाल्याची पावती वह्या-पाट्यांच्या फाइलमध्ये लावलीत, तर ती सीएला पहिल्या दहा मिनिटांत सापडेल.

कारण तुमच्याकडे चोख आहे. रात्री साडेआठनंतर लहान मुलांना दोन-तीन किलोमीटरवरच्या वस्त्यांवर चालत पाठवता येत नव्हतं, म्हणून टमटम लावली. हे प्रकल्प लिहिताना सुचायला हवं होतं. सुचलं नाही. ठीक आहे. पैसे कुठून येणार, हेही तक्त्यातच आहे. तिसऱ्या गावात दोन कार्यकर्त्यांचं दोन महिन्यांचं मानधन वाचलं, ते २४ हजार. ते प्रवासाकडे वळवायची परवानगी मागा. जास्त झालेला खर्च आणि तो ज्यातून भागणार ती बचत, ही दोन्ही एकाच वाक्यात आली की वाचणारा अडत नाही. नुसता जास्तीचा खर्च सांगून थांबलात, की फोन आलाच म्हणून समजा.

जेवणाच्या ३६ हजारांचंही तेच करायचं. दुसऱ्या हप्त्याच्या ३ लाखांत साहित्याला पुन्हा ६० हजार धरलेत. वह्या, पाट्या, सतरंज्या एकदाच घ्यायच्या होत्या. मार्च-एप्रिलमध्ये परीक्षेच्या सराव पत्रिका आणि किरकोळ मिळून वीस हजारांत भागेल, असं तुम्हीच शेऱ्यात म्हटलंय. म्हणजे ४० हजार मोकळे होतात. प्रवासालाही या दोन महिन्यांत ३० हजारांऐवजी २३ हजारच लागतील. मी मांडून पाहिलं. दोन महिन्यांचं मानधन, ३४ रुपयांनी ३,६०० ताटं, टमटम, साहित्य, कार्यालय आणि मागची ३१ हजार ५५० ची तूट हे सगळं त्या ३ लाखांत बसतं. मंजूर नऊ लाखांबाहेर एक रुपयाही मागावा लागत नाही, फक्त शीर्षं बदलायची परवानगी हवी. वित्त विभागाला याइतकं गोड वाक्य दुसरं नसतं, तेव्हा ते पत्रात ठळक येऊ द्या.

राहिले ४५ हजार, आणि हेच सगळ्यात नाजूक. ‘तात्पुरते’ हा शब्द आपल्या क्षेत्रात फार स्वस्त झालाय. एका कामासाठी मिळालेला पैसा दुसऱ्या कामाला वापरणं, मग तो आठ दिवसांसाठी का असेना, करारभंग आहे. हा पैसा परदेशी देणगीचा असता आणि असा फिरवला असता, तर गोष्ट थेट परदेशी अभिदान कायद्यापर्यंत गेली असती. म्हणून पत्र पाठवण्याआधी संस्थेच्या सर्वसाधारण निधीतून ४५ हजार प्रकल्पाच्या खात्यात परत भरा. विश्वस्तांनी हातउसने दिले तरी चालतील, फक्त ते धनादेशाने किंवा बँकेतून द्यावेत आणि संस्थेच्या वहीत तशी नोंद व्हावी. दुसऱ्या प्रकल्पाचे पैसे आले की त्यांचे त्यांना परत करा. ही जबाबदारी खजिनदारकाकांची आहे, तुमची नाही. तसं त्यांना सांगायला अवघड जाईल, म्हणून म्हणा, “काका, सीए बँकेचा उतारा मागणार आहेत, त्यावर ४५,००० परत जमा झालेले दिसायला हवेत.” हे खरंही आहे.

आणि आठवड्याभरात पैसे उभे राहिलेच नाहीत तर? मग पत्रात लिहा. ‘अखर्चित शिलकीपैकी रु. ४५,००० संस्थेच्या अन्य प्रकल्पासाठी तात्पुरते वापरले गेले असून ते अमुक तारखेपर्यंत प्रकल्प खात्यात जमा करू’ एवढं. वाचून त्या बाई नाराज होतील, हे नक्की. पण त्यांना ते तुमच्याकडून कळलेलं बरं, की बँकेच्या उताऱ्यावरून?

पत्राचा मसुदा मी असा करेन. शब्द तुमचे घाला, क्रम मात्र बदलू नका.

> विषय: ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीच्या अभ्यासिका प्रकल्पाचा दुसरा हप्ता रु. ३,००,००० मिळण्याबाबत
>
> संदर्भ: आपल्यासोबतचा करार क्र. …, दि. …
>
> महोदया,
>
> वरील करारानुसार पहिल्या हप्त्याचे रु. ६,००,००० आम्हाला दि. … रोजी मिळाले. दि. ३१ जानेवारीअखेर त्यातील रु. ४,८८,००० म्हणजे ८१.३ टक्के रक्कम खर्च झाली असून, दुसऱ्या हप्त्यासाठीची ७५ टक्के खर्चाची अट पूर्ण झाली आहे. रु. २,३५० व्याज धरून अखर्चित शिल्लक रु. १,१४,३५० आहे. याशिवाय जानेवारीच्या किराण्याचे रु. २७,२०० देणे आहे. ते वरील खर्चात धरलेले नाही.
>
> या निधीतून तीन गावांत केंद्रे चालू आहेत. हजेरीपटानुसार चार महिन्यांत ७,२०० ताटे जेवण दिले गेले. तिसऱ्या गावात कार्यकर्त्या मिळण्यास वेळ लागल्याने तेथील केंद्र १ डिसेंबरला सुरू झाले.
>
> मंजूर अंदाजपत्रकाहून दोन ठिकाणी फरक पडत आहे. रात्री मुलांना वस्त्यांवर सोडण्यासाठी वाहन लावावे लागल्याने प्रवासखर्च फेब्रुवारीअखेर रु. ४०,००० ऐवजी रु. ६३,५०० होईल, हा फरक मानधनातील रु. २४,००० बचतीतून भागेल. यासाठी पूर्वपरवानगी घेणे राहून गेले, याबद्दल दिलगीर आहोत. तसेच जेवणाचा खर्च प्रति ताट रु. ३० ऐवजी रु. ३४ येत आहे. वाढीव रक्कम प्रामुख्याने दुसऱ्या हप्त्यातील साहित्याच्या बचतीतून भागवता येईल. एकूण मंजूर रु. ९,००,००० मध्ये वाढीची मागणी नाही. या बदलांना मान्यता द्यावी, ही विनंती.
>
> सध्याची शिल्लक फेब्रुवारीच्या चौथ्या आठवड्यापर्यंत पुरेल. केंद्रे खंड न पडता सुरू राहावीत यासाठी दुसरा हप्ता २० फेब्रुवारीपर्यंत मिळावा. त्यातील सुमारे रु. १,७५,००० दि. ३१ मार्चपर्यंत आणि उर्वरित रक्कम एप्रिलअखेर खर्च होईल.
>
> सोबत: उपयोगिता प्रमाणपत्र, शीर्षनिहाय खर्चाचा तक्ता, प्रकल्प खात्याचा बँक उतारा, कामाचा दोन पानी अहवाल.

मुलांबद्दल लिहिलेली तुमची तीन पानं फेकू नका. त्यातली आजीला गृहपाठ वाचून दाखवणारी मुलगी त्या दोन पानी अहवालात घाला, तिची जागा तिथे आहे.

शेवटच्या परिच्छेदातली ३१ मार्चची ओळ मी मुद्दाम घातलीय. कंपनीचं आर्थिक वर्ष त्या दिवशी संपतं. तुमचा प्रकल्प त्यांच्या दप्तरी ‘चालू प्रकल्प’ म्हणून नोंदलेला असेल, तर उरलेली रक्कम वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या अखर्चित सीएसआर खात्यात टाकून पुढच्या तीन आर्थिक वर्षांत वापरायची सोय कायद्यात आहे. तसा नोंदलेला नसेल, तर अखर्चित पैसा सहा महिन्यांत कायद्यातल्या सातव्या अनुसूचीत दिलेल्या निधीकडे जातो. म्हणजे एप्रिलमधल्या खर्चाचे सव्वा लाख अडकू शकतात. म्हणून पत्र पाठवण्याआधी अधिकारी बाईंना फोन करून एवढंच विचारा, “आपला प्रकल्प चालू प्रकल्प म्हणून नोंदलाय ना? हप्ता एकदम द्याल की मार्चपुरता आत्ता आणि बाकीचा एप्रिलमध्ये?” दोन भागांत मिळाला तरी तुमचं काम अडत नाही. अडेल ते मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात ही गोष्ट कळली तर.

उपयोगिता प्रमाणपत्र सीएकडून घेताना एक काळजी घ्या. प्रमाणपत्रातला, तक्त्यातला आणि पत्रातला आकडा रुपयापर्यंत एक हवा, आणि तिन्हींवर तारीख ३१ जानेवारीच हवी. सगळ्यात जास्त पत्रं परत येतात ती इथेच. सीएने ५ फेब्रुवारीपर्यंतचा खर्च धरलेला असतो, तुम्ही ३१ जानेवारीचा, आणि मग ‘फरकाचा खुलासा करा’ अशी मेल येते. बाकी असलेलं किराणा बिल खर्चात धरायचं की वेगळं दाखवायचं, हेही सीएशी आधीच ठरवा. मी ते वेगळं ठेवलंय, कारण तुमच्या करारात ‘प्रत्यक्ष अदा केलेला खर्च’ असे शब्द आहेत. प्रमाणपत्रावर सीएचा १८ अंकी यूडीआयएन क्रमांक आहे ना ते बघा, त्यावरून कंपनीला प्रमाणपत्राचा खरेपणा तपासता येतो.

सरकारी अनुदान घेणाऱ्या वाचकांसाठी दोन गोष्टी सांगते, कारण तिथे रीत वेगळी आहे. केंद्र सरकारच्या अनुदानाला उपयोगिता प्रमाणपत्र सामान्य वित्तीय नियम २०१७ मधल्या ठरलेल्या नमुन्यातच द्यावं लागतं, स्वतःचा तक्ता चालत नाही. आणि अनुदानावर मिळालेलं व्याज संस्थेचं नसतं, ते सरकारजमा करावं लागतं. सीएसआरच्या पैशावरच्या व्याजाचं काय, हे मात्र ज्याच्या त्याच्या करारात बघावं. तुमच्या करारात ते प्रकल्पातच वापरायचं आहे, म्हणून ते शिलकीत मिळवलंय.

आज फेब्रुवारीचा पहिला आठवडा आहे. ४५ हजार भरायला आणि प्रमाणपत्राला मिळून पाच-सहा दिवस लागतील असं धरा. पत्र दहा तारखेला गेलं पाहिजे. तोवर किराणावाल्याला आगाऊ बिल मागू नका. उलट त्याला जाऊन भेटा आणि जानेवारीचे २७ हजार २०० देऊन टाका. महिनाअखेरीस आठ-दहा दिवस उधारीवर तांदूळ-डाळ लागलीच, तर ती देणारा तोच आहे.